पाळी चुकण्याआधीची साखर

माझ्या आधी बोललेल्या सरांनी माझी दहा मिनिटं खाल्ली आहेत, आणि चहा साडेपाचला येणार हे मला दिसतंच आहे. विषय कागदावर मोठा लिहिलाय: आधीपासून साखर असलेल्या बाईचं गरोदरपण. पण एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यात बरीच वर्षं घुमते आहे, ती आधी सांगून टाकते.

समोर आशाताई बसल्या आहेत, अंगणवाडीच्या ताया आहेत. गरोदर बाईची नोंद बारा आठवड्यांच्या आत व्हावी म्हणून तुम्ही उन्हातान्हात फिरता. पण साखरेच्या बाईसाठी बारा आठवडे म्हणजे उशीर झाला. बाळाच्या मणक्याची नळी शेवटच्या पाळीपासून सहा आठवड्यांच्या आसपास मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. त्याच सुमारास हृदयाचे कप्पेही पडायला लागतात. तुम्ही कार्ड भरता तेव्हा ते काम उरकलेलं असतं. त्या दिवसांत आईची साखर चढलेली असेल, तर हृदयात किंवा मणक्यात व्यंग राहण्याचा धोका वाढतो, आणि गर्भ पडण्याचाही. म्हणून मी म्हणते, दिवस राहिल्यावर येऊ नका, राहण्याआधी या. नवरा-बायको दोघं या. नवरा येत नाही, तो बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो, ते वेगळं.

आता माझा आवडता किस्सा. माझ्या नर्सला तो पाठ आहे, ती आता खाली बघतेय.

शेतकरी घरातली बाई, अठ्ठावीस वर्षांची. साखर चार वर्षांपासून. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. वजन साडेतीन किलोच्या वर, आठव्या महिन्यात बरं का. घरचे म्हणायचे, 'पोट कसं भरलंय, पोरगा धट्टाकट्टा हाय.' ते धट्टेकट्टेपण साखरेचं होतं, पण कोणी बोललं नाही. बाळंतपणात रक्त फार गेलं, तीन बाटल्या रक्त चढवलं. पाच आठवड्यांनी कुठेतरी एचबीए१सी केली, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी. आली 6.6. मूल हवं असेल तर ती 6.5च्या आत असावी असं आम्ही सांगतो. मग काय, घरचे खूश. सासूबाई रिपोर्ट पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या: "बाई, रिपोट त चांगला हाय. मंग पाळणा हलवू द्या की!"

मला तो आकडा पटला नाही. ग्लुकोमीटरवर थेंब घेतला: उपाशी 168. जेवणानंतर दोन तासांनी 260. दिवसाची सरासरी 210च्या आसपास धरली, तर एचबीए१सी नऊच्या जवळ यायला हवी. मग 6.6 कुठून आली?

लाल रक्तपेशी साधारण चार महिने जगते, आणि तेवढा काळ तिला साखर चिकटत राहते. ती चिकटलेली साखर म्हणजे एचबीए१सी. या बाईच्या अंगात तीन बाटल्या दुसऱ्यांच्या पेशी फिरत होत्या, साखर नसलेल्या माणसांच्या. शिवाय रक्तस्रावानंतर तिच्या स्वतःच्या पेशी नुकत्याच तयार झालेल्या, कोवळ्या, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळाला नव्हता. तो रिपोर्ट अर्धा दात्यांचा होता! प्रयोगशाळेची यात चूक नाही. चूक रक्त चढल्याचं न विचारण्याची.

आपल्या भागात तर हे जास्त जपायला हवं. सिकलसेल आपल्याकडे घरोघरी. ज्याला एसएस, म्हणजे खुद्द सिकलसेलचा आजार आहे, त्याच्या रक्तात नेहमीचं हिमोग्लोबिन नसतंच, आणि पेशीही लवकर फुटतात, तिथे ही तपासणी कामाची नाही. एएस वाहकात आकडा कोणत्या मशीनवर निघाला यावर भरवसा अवलंबून. उलट नुसती लोहाची कमतरता असेल, तर आकडा खोटा वर जातो, आणि बाईला उगाच वाढीव इंजेक्शनं लागतात. म्हणून आधी विचारा: रक्त चढलं का, सिकलसेल आहे का, हिमोग्लोबिन किती. आणि शंका आली की बोटाचा थेंब. उपाशी, आणि जेवणानंतर, किमान दोन आठवड्यांच्या नोंदी वहीत.

त्या बाईला मी तांबी बसवली. सासूबाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन दहा युनिटवर सुरू केलं, दर तीन दिवसांनी उपाशी साखर बघून दोन-दोन युनिट वाढवलं, मग जेवणाआधीचंही जोडलं. घरी फ्रीज नव्हता. माठात बाटली, बाटलीला प्लास्टिकची पिशवी, माठ सावलीत. मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हातही बाटली टिकली, पण उघडलेली महिन्याच्या वर वापरायची नाही. वेचणीच्या दिवसांत पदराला साखरेची पुडी. साखर फार उतरून घाम फुटला, हात थरथरले की आधी पुडी, मग कापसाची पुढची ओळ.

(संयोजकांनी चिठ्ठी दिली आहे. पाच मिनिटं. बरं.)

तर वचन दिलेलं भाषण आता पळवते. दिवस राहण्याआधी तीन महिने: फॉलिक अॅसिडची 5 मिलिग्रॅमची गोळी, ती दिवस राहिल्यावर बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवायची. लाल गोळीत ते फक्त 500 मायक्रोग्रॅम असतं, तेवढं साखरेच्या बाईला पुरत नाही. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या डॉक्टरांकडून बदलून घ्या, स्वतः बंद करू नका. डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन आधी तपासा, कारण साखर घाईने उतरवली तर पडद्याचा आजार एकदम बिघडू शकतो. एचबीए१सी दहाच्या वर असेल, तर तूर्त पाळणा लांबवायचा.

दिवस राहिल्यावर उपाशी 95च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120च्या आत. पहिल्या तिमाहीत साखर अचानक खाली जाते, नंतर इन्सुलिनची गरज चढत जाते, कधी दुप्पट. ओकाऱ्या सुरू झाल्या म्हणून इन्सुलिन थांबवू नका. इन्सुलिन थांबलं, तर गरोदरपणी साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं, आणि ते आई-बाळ दोघांवर बेततं. रक्तदाब वाढण्याचा धोकाही असतो, त्यासाठी बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर कमी मात्रेची अॅस्पिरिन देतात.

बाळाचं असं: साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन बनवत सुटतं, फुगतं, प्राणवायू जास्त खातं. म्हणून शेवटच्या महिन्यांत पोटात दगावतं, किंवा बाळंतपणात खांदा अडकतो. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन उरतं, आणि बाळाची साखर खाली येते. तेव्हा चीक लगेच पाजा, मध-गुटी नको, आणि टाचेच्या थेंबाची तपासणी मागा.

हो, त्या बाईचं विचारताय. रक्त चढून चार महिने उलटल्यावर एचबीए१सी पुन्हा केली, या वेळी ती खरी 6.4 होती, वहीशी जुळणारी. तांबी काढली. बाळ अडतिसाव्या आठवड्यात, 3 किलो 100 ग्रॅम. टाचेवर पहिली साखर 38 आली, अंगावर पाजलं, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहिली, 54. सासूबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "आता त बोलू द्या, बाई."

मागच्या रांगेतल्या माय हात वर करून बसल्यात. विचारा, चहा येईपर्यंत.