बिजागरी खुब्यात: डेडलिफ्ट आणि स्क्वॅटमध्ये कोणता स्नायू किती काम करतो

सुरुवातीला सगळ्यांनी जागेवर उभं राहा. दोन्ही हातांची बोटं नितंबाच्या खालच्या घडीत ठेवा, बसल्यावर जे हाड खुर्चीला टेकतं त्याच्या जरा खाली. आता गुडघे किंचित सैल सोडा आणि पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकला. छाती आपोआप पुढे झुकेल. बोटांखाली दोरखंड ताणल्यासारखं काहीतरी घट्ट झालं असेल. तसंच थांबा. धड अजिबात हलवू नका, फक्त गुडघे आणखी वाकवा. दोरखंड सैल पडला ना? बसा.

तुम्ही ज्याला हात लावलात तो मांडीमागचा स्नायूगट, हॅमस्ट्रिंग. गुडघे न वाकवता खुब्यातून झुकलात तेव्हा तो ताणला, गुडघे वाकवल्यावर ढिला पडला. पहिली स्थिती डेडलिफ्टची, दुसरी स्क्वॅटकडे जाणारी. आजच्या विषयाचा गाभा या एका अनुभवात आहे. तो असा का येतो, ते आता पाहू.

त्याआधी भाषेतली एक अडचण दूर करतो. आपण सहज म्हणतो, "कमरेतून वाक." हिंज, म्हणजे बिजागरीसारखं खुब्यातून दुमडणं, शिकवताना हे वाक्य घात करतं, कारण ऐकणारा खरोखरच कंबर वाकवतो, म्हणजे पाठीच्या कण्याचा खालचा भाग गोल करतो. बिजागरी कमरेत नाही, खुब्यात आहे. मांडीचं हाड ओटीपोटाच्या हाडाला जिथे मिळतं, तो सांधा. उभं राहून गुडघा वर उचलला की जांघेत जिथे घडी पडते, ती बिजागरीची खूण. तिथून दुमडायचं, कंबर जशीच्या तशी ठेवायची. शिकवताना "जांघेत घडी घाल, नितंब मागे ने" एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं.

आता वजनाकडे येऊ. बारचं वजन सरळ खाली ओढतं. बारमधून जमिनीपर्यंत एक उभी रेष कल्पून पाहा. या रेषेपासून सांधा आडव्या दिशेने जितका लांब, तितका त्या सांध्याभोवतीच्या स्नायूंना जोर जास्त लावावा लागतो. भरलेली बादली अंगालगत धरली तर जमते, हात लांब करून धरली तर खांदा थरथरतो. बादली तीच, अंतर बदललं. दोन्ही व्यायामांत बार तळपायाच्या मध्यावर असायला हवा, नाहीतर तोल जातो. म्हणजे रेष ठरलेली आहे. गुडघा आणि खुबा तिच्यापासून किती लांब जातात, एवढंच बघायचं.

एका माणसाचं उदाहरण घेऊ. मांडीचं हाड ४२ सेंटिमीटर, बारवर १०० किलो. स्क्वॅटमध्ये मांडी जमिनीला समांतर झाली की ते ४२ सेंटिमीटर पूर्ण आडवे होतात. गुडघा रेषेच्या पुढे समजा २० सेंटिमीटर, मग खुबा मागे २२. ओझं दोन सांध्यांत जवळपास सारखं वाटलं गेलं. आता हाच माणूस हाच बार जमिनीवरून उचलतोय. प्लेट जमीन सोडतात त्या क्षणी मांडी तिरपी आहे, नितंब गुडघ्यांच्या बरेच वर आहेत. आडवं अंतर भरतं साधारण ३२ सेंटिमीटर. नडगी फारशी पुढे झुकलेली नाही, म्हणून गुडघा रेषेपुढे फक्त ४ सेंटिमीटर आणि खुबा मागे २८. शरीराचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही, आणि हातापायांची लांबी बदलली की आकडे बदलतील. पण चित्र स्पष्ट आहे: गुडघ्याचं अंतर २० वरून ४ वर, पाचवा हिस्सा. खुब्याचं २२ वरून २८ वर, जेमतेम सव्वापट.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बरेच जण हे उलटं समजतात. स्क्वॅटमध्ये नितंब काम करत नाहीत, ते डेडलिफ्टचं काम, असं सर्रास ऐकू येतं. २२ आणि २८ यांत तसा जमीन-अस्मानाचा फरक नाही. नितंबाचे स्नायू, म्हणजे ग्लूट, दोन्हीकडे राबतात. खरी तफावत गुडघ्यावर आहे, म्हणजे मांडीच्या पुढच्या क्वाड्सवर. तिथे स्क्वॅट कैक पुढे आहे.

आणि दुसरी तफावत हॅमस्ट्रिंगमध्ये. हा स्नायू बसायच्या हाडापासून निघतो, खुबा ओलांडतो, गुडघाही ओलांडतो आणि नडगीच्या हाडांना जाऊन चिकटतो. दोन सांध्यांवरून जाणारी एक दोरी. स्क्वॅटमध्ये खाली जाताना खुबा दुमडतो, त्यामुळे दोरीचं वरचं टोक ताणलं जातं. त्याच वेळी गुडघाही दुमडतो, त्यामुळे खालचं टोक ढिलं पडतं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. खाली जाताना आणि वर येताना स्नायूची लांबी फारशी बदलत नाही. शिवाय हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवणारा स्नायू आहे. स्क्वॅटमधून उठताना तो जोराने ओढू लागला तर क्वाड्सना त्याच्याविरुद्धही लढावं लागेल. म्हणून शरीर खुबा उघडण्याचं काम बहुतांशी ग्लूटकडे आणि मांडीच्या आतल्या मोठ्या स्नायूकडे, अ‍ॅडक्टर मॅग्नसकडे सोपवतं. आतली मांडी म्हणजे फक्त पाय जवळ आणणारा स्नायू असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात खोल बसलेल्या स्थितीतून उठताना हा अ‍ॅडक्टर खुबा उघडायला मोठा हातभार लावतो.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात पुरुषांच्या दोन गटांनी १० आठवडे, आठवड्यातून दोनदा स्क्वॅट केले. एका गटाने पूर्ण खाली बसून, दुसऱ्याने अर्धवट. आधी आणि नंतर एमआरआयने स्नायूंचं आकारमान मोजलं. क्वाड्स दोन्ही गटांत वाढले. ग्लूट आणि अ‍ॅडक्टर पूर्ण बसणाऱ्यांत जास्त वाढले. हॅमस्ट्रिंग कुठल्याच गटात वाढले नाहीत. क्वाड्समधलाही एक भाग मागे राहिला, रेक्टस फेमोरिस, आणि तोही दोन सांधे ओलांडणाराच आहे. दोरीचा हिशोब त्यालाही लागू पडतो.

हिंजमध्ये खालचं टोक जागेवर राहतं. गुडघा थोडा वाकवून तिथेच ठेवलेला, आणि खुबा दुमडत जातो. दोरी ताणत जाते, आणि ताणलेल्या अवस्थेत वजन पेलते. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते रोमानियन डेडलिफ्टमध्ये, ज्यात बार उभ्या स्थितीतून खाली नेऊन परत वर आणतात, म्हणून हिंज शिकायला मी आधी तोच सुचवतो. जमिनीवरून उचलण्याच्या डेडलिफ्टमध्ये सुरुवातीला गुडघे बऱ्यापैकी उघडतात, त्यामुळे क्वाड्सचा वाटा राहतो.

पद्धत अशी. आधी भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवून उभे राहा. नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा, परत उभे राहा. जमलं की तीन-चार सेंटिमीटर पुढे सरका आणि पुन्हा करा. टेकवण्यासाठी गुडघे पुढे जाऊ लागले की तो स्क्वॅट झाला. नंतर रिकामा २० किलोचा बार घ्या. उभ्या स्थितीत गुडघे साधारण १५ ते २० अंश सैल करा आणि तो कोन राखा. बार मांडीला, मग गुडघ्यावरून नडगीला जवळजवळ घासत खाली न्या, तीन सेकंदांत. बार पायापासून दूर गेला की रेष पुढे सरकते, खुब्याचं आणि कमरेचं अंतर वाढतं. त्याला पायाशी धरून ठेवायचं काम बगलेखालच्या लॅट्सचं. ८ ते १० रेप्सचे तीन सेट सुरुवातीला पुरेत.

किती खाली जायचं? जमिनीपर्यंत जाणं हे उद्दिष्ट नाही. हॅमस्ट्रिंगची लांबी संपली की ओटीपोटाचं हाड पुढे दुमडू शकत नाही. त्यानंतरही बार खाली जातोय, तर तो कमरेचा कणा गोल होऊन जातोय. बाजूने व्हिडिओ काढा आणि कमरेची रेषा ज्या क्षणी बदलते तिथे थांबवा. त्याच्या दोन बोटं वर तुमची मर्यादा. बहुतेकांचा बार गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या मध्यापर्यंत कुठेतरी असतो. गुडघे कडक सरळ ठेवणाऱ्यांची दोरी लवकर संपते, म्हणून त्यांची पाठ लवकर गोल होते.

कण्यालगतच्या स्नायूंचं काम इथे हलवण्याचं नाही, धरून ठेवण्याचं आहे. धड जास्त झुकलेलं असल्यामुळे डेडलिफ्टमध्ये ते काम जास्त पडतं. सेटनंतर कंबर थकल्यासारखी वाटणं यात वावगं नाही. मात्र कमरेत एका ठिकाणी टोचणारी कळ आली तर सेट तिथेच थांबवा.

आता एकमेकांत मिसळणाऱ्या दोन चुका. पहिली, डेडलिफ्टला स्क्वॅटसारखं बसून सुरुवात करणं. नितंब खूप खाली, गुडघे बारच्या बरेच पुढे. व्हिडिओत दिसतं की बार हलायच्या आधी नितंब झटकन वर येतात आणि मगच प्लेट जमीन सोडतात. त्या खोल स्थितीतून वजन उचललं गेलंच नाही, शरीराने स्वतःच योग्य उंची शोधली. मग त्या उंचीवरूनच सुरू करा: नडगी बारला टेकवा, नितंब तिथेच ठेवून छाती ताणा, बारमधला ढिलेपणा काढा आणि जमीन पायांनी ढकला.

दुसरी चूक उलट दिशेची. स्क्वॅटमधून उठताना नितंब आधी वर येतात, छाती खालीच राहते. गुडघे उघडले, खुबा उघडला नाही, म्हणजे क्वाड्सवरचं ओझं झटकून पाठीवर आणि खुब्यावर टाकलं. वजन ५ ते १० टक्के कमी केल्यावर छाती आणि नितंब एकत्र उठत असतील तर वजन जास्त होतं. कमी वजनातही तसंच होत असेल तर सवय मोडायला तळाशी दोन सेकंद थांबून करा, किंवा वजन छातीशी धरून करा. छातीशी धरलेलं वजन धड झुकू देत नाही.

जे आठवड्यातून दोनदा स्क्वॅट करतात आणि पाय झाले असं समजतात, त्यांच्या हॅमस्ट्रिंगचा व्यायाम झालेला नसतो. एका दिवशी हिंज घालावा लागतो. तरीही एक छोटा भाग उरतोच. बायसेप्स फेमोरिस या मांडीमागच्या स्नायूचं आखूड डोकं मांडीच्या हाडापासूनच निघतं, खुबा ओलांडतच नाही. गुडघा जागेवर असताना हिंजने ते ताणलं जात नाही. त्याच्यासाठी गुडघा वाकवणारा व्यायामच लागतो, म्हणजे लेग कर्लचे दोन-तीन सेट वेगळे.