कटऑफवर अडकलेला गुण

पडद्यावर एका उमेदवाराची ओळ आहे. लेखी परीक्षेचे ०.७, मुलाखतीचे ०.१, एकूण ०.८०. कटऑफही ०.८०. आणि शेवटच्या रकान्यात शिक्का: अपात्र.

पहिला संशय गुण भरणाऱ्यावर जातो. पण गुण बरोबर भरलेत. आता हीच बेरीज पायथॉनमध्ये करून पाहू.

```
>>> 0.7 + 0.1
0.7999999999999999
>>> 0.7 + 0.1 >= 0.8
False
```

संगणक हे आकडे दोनाच्या पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत साठवतो. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ३ संपतच नाहीत, तसंच ०.७ दोनाच्या पायावर कधी पुरं होत नाही. मग जवळचा आकडा ठेवला जातो. साठवलेला ०.७ खऱ्यापेक्षा किंचित कमी असतो, साठवलेला ०.८ किंचित जास्त. बेरजेनंतर पुन्हा जवळचा आकडा निवडावा लागतो आणि इथे तो खालचा निघतो. फरक सोळाव्या दशांश स्थळावर आहे. निकालपत्र दोनच स्थळं छापतं, म्हणून तो कुणाला दिसत नाही. कटऑफची तुलना मात्र पूर्ण आकड्यावर होते.

असा संशय आला, तर तो एकूण सतरा अंकांपर्यंत छापून बघा. फरक लगेच समोर येतो.

उपाय साधा आहे: गुण दहापट करून पूर्णांकात ठेवायचे. सात आणि एक आठ, कटऑफही आठ. यात घसरायला जागाच नाही.

पण दहापट करूनही न सुटणारा एक प्रकार आहे आणि मला तो जास्त छळतो, कारण तिथे यंत्राची काहीच चूक नसते. तीन निकष, तीन परीक्षक. प्रत्येक निकषाला परीक्षकांनी ६, ६ आणि ७ दिले. सरासरी ६.३३३..., तक्त्यात लिहिली ६.३३. तिन्ही निकष मिळून १८.९९. कटऑफ १९. उमेदवार गेला!

खरी बेरीज बरोबर १९ आहे. निकषागणिक थोडं थोडं कापलं गेलं आणि तिन्ही कात्रणं मिळून एक शतांश झाला.

इथे कुणी सुचवतं, शेवटी एकूण जवळच्या पूर्णांकात बसवा. तसं केलं तर खरोखर १८.६ मिळवलेलाही १९ वर चढतो. म्हणजे नियम न बदलता कटऑफ खाली आला. कटऑफ खाली आणायचाच असेल, तर तो नियमात लिहून आणावा.

मग काय करायचं? सरासरी मध्ये आणायचीच नाही. परीक्षकांचे मूळ नऊ गुण सरळ जोडायचे: प्रत्येक निकषाचे १९, एकूण ५७. कटऑफची तिप्पटही ५७.

प्रणाली सुरू करण्याआधी नेमका हाच उमेदवार खोट्या नावाने भरून पाहावा: बरोबर कटऑफवर उभा असलेला, ना वर ना खाली.