एका सेंटिमीटरचं वजन

मंडळी, सुरुवातीला एक गणित करू. मोबाइल हातात आहेतच, कॅल्क्युलेटर उघडा. समजा एका बाईची उंची ५ फूट २ इंच, वजन ६२ किलो. ५ फूट २ इंच म्हणजे १५७.४८ सेंटिमीटर, मीटरमध्ये १.५७४८. याचा वर्ग करा आणि ६२ ला त्याने भागा. उत्तर येतं २५.००००५. हाच तिचा बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. म्हणजे ही बाई बीएमआयच्या तक्त्यात बरोबर उंबरठ्यावर उभी आहे. या मापाच्या बायका तुमच्या-माझ्या घरात आहेत, या सभागृहातही असतील. हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

२५ हा आकडा साधा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २५ पासून ‘जास्त वजन’ सुरू होतं आणि ३० पासून ‘स्थूल’. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने भारतीयांसाठी वेगळ्या मर्यादा सुचवल्या: २३ पासून जास्त वजन, २५ पासून स्थूल. त्याला कारण आहे. तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते, तीही पोटावर, आणि मधुमेह लवकर गाठतो. मला या मर्यादांशी भांडायचं नाही. माझं भांडण आहे ते त्या मर्यादेवर माणसाला ज्या पद्धतीने उभं केलं जातं त्याच्याशी.

थोडं विषयांतर करते. हे सूत्र मुळात एका माणसाचं निदान करायला निघालेलंच नव्हतं. अडॉल्फ केटले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याने एकोणिसाव्या शतकात दाखवलं. त्याला रस होता तो समूहाच्या सरासरीत. त्याच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं ते १९७२ मध्ये, अमेरिकी संशोधक अँसल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या लेखात. हजारो माणसांची सरासरी काढताना एकाची उंची सेंटिमीटरभर जास्त लागली आणि दुसऱ्याची कमी, तर फारसं बिघडत नाही. एका माणसाच्या हातात कागद द्यायचा असेल, तर मात्र बिघडतं.

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट. कोथरूडमध्ये आमच्याकडे दरवर्षी आरोग्य तपासणी शिबिर होतं. कोण भरवतं ते सांगत नाही, कारण असंच सगळीकडे चालतं. शेजारच्या ताई एका वर्षी शिबिराला गेल्या. टेबलामागच्या मुलाने विचारलं, “काकू, हाइट?” ताई म्हणाल्या, “पाच दोन.” त्याने लॅपटॉपवर फुटांच्या रकान्यात ५.२ टाकलं. बीएमआय आला २४.७. तक्त्याप्रमाणे जास्त वजन, पण स्थूल नाही.

पुढच्या वर्षी वजन तेच, ६२ किलो. या वेळी उंची भिंतीवरच्या कागदी पट्टीवर मोजली. पट्टीवर १५७ च्या पुढे काही मिलिमीटर दिसत होते, पण रकाना पूर्ण आकड्याचा होता म्हणून १५७ लिहिलं. बीएमआय आला २५.२. कागदावर लाल अक्षरात ‘स्थूल’. खाली आहारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला.

ताई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. “मॅडम, वजन वाढलं नाही, मग मी जाड कशी झाले?” त्यांनी रात्रीचा भात बंद केला होता, तळजाईच्या टेकडीवर दोन फेऱ्या जास्त सुरू केल्या होत्या. फेऱ्यांना माझा विरोध नाही. पण ज्या कारणाने त्या सुरू झाल्या, ते कारण त्यांच्या शरीरात नव्हतंच, ते टेबलावर होतं. बाईच्या मनाला हा शब्द किती लागतो, हे त्या टेबलामागे कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं, याचा मला अजूनही राग येतो.

पहिल्या वर्षी काय झालं बघा. ५.२ फूट म्हणजे ५ फूट २ इंच नव्हे. एका फुटात १२ इंच असतात. ५.२ फूट म्हणजे ५ फूट आणि जवळपास अडीच इंच, १५८.५ सेंटिमीटर. दशांश चिन्हाने ताईंची उंची सेंटिमीटरभर वाढवली. उंच माणसांचं याहून वाईट होतं. ५ फूट १० इंचाचा माणूस ५.१० लिहितो, संगणक मागचं शून्य गिळून ५.१ ठेवतो, आणि १७८ सेंटिमीटरचा गृहस्थ १५५ चा होतो. तेवढी मोठी चूक कुणाच्या तरी नजरेत येते. ताईंची चूक येत नाही, कारण २४.७ हा आकडा अगदी खरा वाटतो.

दुसऱ्या वर्षीची ती भिंत मी स्वतः जाऊन पाहिली. खाली फरशीची स्कर्टिंग होती, भिंतीपासून सेंटिमीटरभर पुढे आलेली. पट्टीचं शून्य जमिनीवर धरून ती स्कर्टिंगच्या काठावरून दुमडून वर चिकटवली होती. त्या दुमडीत पट्टीचा एक सेंटिमीटर जातो, म्हणून प्रत्येकाची उंची तेवढी जास्त लागते. वर डोक्यावर ठेवायला काटकोनी फळी नव्हती, नोंदवही होती. डोक्याचा सर्वांत उंच भाग भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो. वहीचं भिंतीकडचं टोक पाच अंशांनी जरी खाली झुकलं, तर वाचन जवळजवळ ९ मिलिमीटर कमी येतं. वर झुकलं तर तेवढंच जास्त. त्यात कुणाचा आंबाडा, कुणाच्या पायात चप्पल. एक चूक वर ढकलते, दुसरी खाली. कधी फिटंफिट होते, कधी दोन्ही एकाच बाजूला जातात, आणि कागद बघून काय घडलं ते कळत नाही.

शिवाय उंची दिवसभर सारखी राहत नाही. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, उभं राहिल्यावर दबतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंची सहज कमी होते, आणि त्यातली बरीचशी उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच. वयाप्रमाणे होणारी घट वेगळीच. इथे बसलेल्या साठीच्या पुढच्या किती जणांनी आपली जुनी उंची पुन्हा मोजली आहे? ती तरुणपणीची उंची सांगितली की बीएमआय गोड येतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत म्हणे. ज्यासाठी मला बोलावलं तो मुद्दा आता भरभर सांगते.

उंची सूत्रात वर्गाने येते, म्हणून तिच्यातली टक्केवारीची चूक उत्तरात दुप्पट होते. १५७.५ मध्ये एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.६४ टक्के. बीएमआय बदलतो जवळजवळ १.३ टक्के, म्हणजे २५ च्या आसपास ०.३२. वजनाच्या भाषेत सांगायचं तर ताईंच्या बाबतीत एक सेंटिमीटर उंची म्हणजे जवळजवळ ८०० ग्रॅम वजन. वजनकाट्यावर चढताना आपण पर्स खाली ठेवतो, बूट काढतो. उंचीच्या पट्टीवर त्याहून जास्त वजन निष्काळजीपणे ये-जा करतं, आणि ते कुणी मोजत नाही.

मी ताईंना दाराच्या चौकटीला उभं केलं, तिथे स्कर्टिंग नव्हती. सकाळी अकराची वेळ, पाय अनवाणी, केस मोकळे, टाचा चौकटीला टेकलेल्या, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. सुताराचा काटकोन्या डोक्यावर टेकवला, पेन्सिलची खूण केली, लोखंडी टेपने मोजलं. तीनदा. दर वेळी त्यांना बाजूला करून पुन्हा उभं केलं. १५७.४, १५७.६, १५७.५. सरासरी १५७.५, बीएमआय २४.९९.

आता छापायचं काय? एक दशांश ठेवला तर कागदावर २५.० दिसेल. आतला आकडा २४.९९, म्हणून संगणक म्हणेल ‘स्थूल नाही’. छापलेला आकडा धरून गट ठरवणारा दुसरा संगणक म्हणेल ‘स्थूल’. दोघांचं गणित बरोबर, आणि बाई एकच. पूर्णांक छापला तर आणखी गोंधळ. या उंचीला बीएमआयचा एक अंक म्हणजे जवळपास अडीच किलो, तेवढं सगळं एका ‘२५’ मध्ये लपतं. म्हणून गट कच्च्या आकड्यावर ठरवावा, राउंडिंग फक्त छापताना करावं, आणि सीमेजवळ दोन दशांश दाखवावेत.

पण मी त्यावर थांबत नाही. माझ्या काळजीपूर्वक मोजणीतही वेळ आणि उभं राहणं धरून अर्ध्या सेंटिमीटरहून बारीक खात्री मी देत नाही. उंची १५७ असेल तर बीएमआय २५.१५, १५८ असेल तर २४.८४. सीमा या दोहोंच्या मधे येते. म्हणजे ताई २५ च्या अलीकडे आहेत की पलीकडे, हे या मोजमापाने ठरतच नाही. आणि जे ठरत नाही त्यावर शिक्का मारू नये. अशा वेळी कागदावर ‘सीमेवर’ एवढंच लिहावं, ही माझी मागणी आहे. शिबिरवाल्यांचं सॉफ्टवेअर हे सहज करू शकतं: उंचीत अर्धा सेंटिमीटर मिळवून आणि वजा करून बीएमआय दोनदा काढायचा, दोन्हींचा गट वेगळा आला तर गट छापायचा नाही.

याचा अर्थ ताईंनी निश्चिंत व्हावं असा नाही. कुठल्याही मोजणीने त्या २३ च्या वरच आहेत, त्यात शंका नाही. २४.८ आणि २५.२ यांत शरीराच्या दृष्टीने जवळपास काहीच फरक नाही. तो फरक शब्दाचा, विम्याच्या फॉर्मचा आणि मनस्तापाचा आहे. सीमेवरच्या माणसाने पुढे काय पाहावं, तर कंबर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, टेप आडवा धरून. भारतीय बायकांना ८० सेंटिमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा धरतात. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेही एकट्या बीएमआयवर स्थूलतेचं निदान करू नये, कमरेसारखं दुसरं माप जोडीला घ्यावं, असंच सुचवलं.

आणि दरवर्षी उंची नव्याने मोजून गोंधळ कशाला घालता? मोठ्या माणसाने एकदा नीट, तीनदा मोजून, सरासरी मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवावी आणि पुढची काही वर्षं तीच वापरावी. मग बीएमआय बदलला तर तो फक्त वजनाने बदलेल, आणि त्या बदलावर विश्वास ठेवता येईल. पन्नाशीनंतर मात्र दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मोजा, आणि उंची दोन-तीन सेंटिमीटर घटलेली दिसली तर बीएमआयची चिंता बाजूला ठेवून आधी हाडांसाठी डॉक्टरांकडे जा. फॉर्मवर फुटांचा एकच रकाना असेल तर ५.२ लिहू नका. सेंटिमीटरचा रकाना मागा. नसेलच, तर ६२ इंचांना १२ ने भागा आणि ५.१७ लिहा.