शेवग्याच्या खोडावर

(दृश्य : श्रावणातली पहाट. माढा तालुक्यातलं शेवग्याचं रान. बॅटरीचा झोत खोडावर.)

लांबून बघितलं तर सालीला शेवाळ चढल्यासारखं वाटतं. जवळ गेल्यावर ते शेवाळ हलतं.

(जवळून : खोडावरचा घोळका)

ही केसाळ अळी. गावात हिला सरळ घुला म्हणतात. अंगभर दाट केस, आणि ते हाताला लागले की खाज थांबत नाही. पावसाळ्यात पतंग पानांवर आणि कोवळ्या फांद्यांवर पुंजक्यांनी अंडी घालतात. अळ्या रात्री वर चढून पाला खातात आणि सालही खरवडतात. दिवस उगवला की खाली येऊन खोडाला अशा चिकटून बसतात.

दुपारी औषध फवारणारा माणूस बहुतेक वेळा शेंड्याकडे बघत फवारतो. त्या वेळी अळी असते त्याच्या गुडघ्याजवळ. आम्ही हे रान पहाटे चित्रित केलं ते एवढ्यासाठीच.

(दृश्य : बांबूला चिंध्या गुंडाळून केलेली मशाल)

मालक मशाल पेटवतात. जाळ घोळक्यावरून खालून वर फिरवायचा, एका जागी धरायचा नाही. त्यांचा हात बघा, भिंतीला चुना मारावा तसा चालतोय. केस भुरकन जळतात आणि अळ्या खाली पडतात. खाली वाळका पाला नाही, तो कालच झाडून घेतलाय. साल मात्र भाजता कामा नये. शेवग्याचं खोड मऊ असतं, भाजलेल्या जागी जखम होते आणि तिथून डिंक गळू लागतो. झाड लहान असेल तर मशाल नकोच. काठीने घोळका खरवडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडायचा. अंड्यांचे पुंजके हाताला लागतील तेवढे पानासकट तोडायचे.

(दृश्य : फाल्गुन. तेच रान, शेंगांनी लगडलेलं.)

आता डिंकाकडे येऊ.

(जवळून : शेंगेवर मधासारखा थेंब)

खोडावरचा डिंक आणि शेंगेवरचा डिंक यांना एकच रोग समजून एकच औषध मारलं जातं. खोडावर डिंक येतो तो जखमेतून, साल पोखरणाऱ्या अळीमुळे किंवा बुडाशी पाणी साचल्यामुळे. तिथे कुजलेली साल खरवडायची आणि १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट लावायची. पाण्याला वाट काढून द्यायची.

शेंगेवरचा थेंब वेगळा. ही शेंग आपण उभी चिरू.

(दृश्य : सुरीने चिरलेली शेंग)

आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. ही शेंगमाशीची करणी आहे. बारीक पिवळसर माशी कोवळ्या शेंगेच्या खोबणीत अंडी घालते, अळ्या आत शिरून गर खातात आणि त्या भोकातून डिंक पाझरतो. मग शेंग टोकाकडून वाळत जाते, फुटते. बुरशीनाशकाने या अळीला काहीच होत नाही.

अळी पुढे मातीत उतरून कोष करते. म्हणून या रानात बायका रोज सकाळी गळलेल्या आणि डिंकाळ शेंगा पाटीत वेचून खोल खड्ड्यात पुरतात, बुडाची माती वरच्या वर खुरपून घेतात. फवारा आहे तो निंबोळी अर्काचा. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं. शेंगा कोवळ्या असताना तो घेतला तर उपयोग, आत शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोहोचत नाही.

(दृश्य : पोत्यावर तीन शेंगा शेजारी शेजारी)

ही वाण पीकेएम-१ ची बाग. पहिली शेंग पेन्सिलीएवढी बारीक, तिच्यात गर भरलेला नाही. तिसरी जून, शिरा वर आलेल्या, मोडायला गेलं तर वाखाचे दोरे सुटतात. मधली बघा. करंगळीहून थोडी जाड, हिरवीगार, वाकवली की लवते आणि मग काडकन मोडते. आत बी पांढरं, नखाने चिरडेल असं मऊ. तोडायची ती हीच.

मालकीणबाई प्रत्येक तोड्याला एक शेंग मोडून बघतात. दोरा निघाला तर म्हणतात, “आज उशीर झाला, परवा यायला पायजे होतं.”

(दृश्य : आकडीने तोडणी)

फांदी ओढायची नाही, झाडावर चढायचं नाही. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, ते सांध्यात फाटतं, आणि पुन्हा तिथून डिंक. आकडीने देठासकट शेंग कापायची, सावलीत पेंढ्या बांधायच्या, वर ओलं पोतं टाकायचं. पेंढीत दोन जून शेंगा दिसल्या तरी आडतीत सगळ्या पेंढीचा भाव उतरतो.

(दृश्य : टेम्पोत चढणाऱ्या पेंढ्या. मालकीणबाई एक पेंढी सोडतात, मधली एक शेंग काढून बाजूला ठेवतात, पेंढी पुन्हा बांधतात.)