चार पानांचं भांडण, तीन तासांचा उजेड

[कौलारू घराची पडवी. जमिनीवर भांड्यांचे तीन ढीग.]

राजापूर तालुक्यातलं हे घर. डिसेंबरातले तीन दिवस आम्ही इथे अठरा मिनिटांची एक शॉर्टफिल्म शूट करत होतो. आई गेल्यानंतर तीन भावंडं घर विकायला एकत्र येतात, एवढीच गोष्ट. तिचा कणा म्हणजे अकरावा सीन. दादा, ताई आणि धाकटा पडवीत बसून भांडतात. चार पानं, सगळे संवाद.

तिसऱ्या दिवशी सकाळी अवकाळी पाऊस आला आणि दुपारी अडीचपर्यंत थांबला नाही. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पडवीतला उजेड साडेपाचलाच संपतो. म्हणजे हातात तीन तास होते. ताईचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला त्याच रात्री मुंबईची गाडी पकडायची होती, त्यामुळे चौथा दिवस मिळणार नव्हता.

[सीनचे कागद. कडेला पेन्सिलीच्या खुणा.]

बोलणारी तीन माणसं असली की सगळ्यांना एकत्र दाखवणारा एक मास्टर लागतो, तिघांचे क्लोज लागतात, दोघादोघांचे दोन शॉट आणि सहीच्या कागदाचा एक. असे सात सेटअप झाले. प्रत्येक वेळी लाइट हलवायचे, बूम माइकची सावली बघायची, मागच्या शॉटमध्ये कप कुणाच्या हातात होता ते जुळवायचं. आमच्या आठ जणांच्या युनिटला एका सेटअपला पस्तीस-चाळीस मिनिटं लागत होती. सात सेटअपना चार तासांहून जास्त वेळ गेला असता.

संवाद कापून सीन दोन पानांवर आणणं, हा पहिला विचार. पण भांडणातले मधलेमधले संवाद काढले की माणसं उगाचच चिडलेली वाटतात. म्हणून आम्ही ओसरीवर बसून चारही पानं पुन्हा वाचली आणि प्रत्येक संवादाला एकच प्रश्न विचारला: हे आत्ता, इथे घडतंय, की आधी घडलेलं कुणीतरी सांगतंय?

पहिल्या साडेतीन पानांत आईचं कुणी केलं, कुणी नाही, कुणी किती पैसे पाठवले आणि कुठलं भांडं कुणाला, हे होतं. हे सगळं वर्षानुवर्षं साचलेलं किंवा दोन दिवस चाललेलं. ते निवेदनात, म्हणजे चित्रांवर चालणाऱ्या ताईच्या आवाजात, जाऊ शकतं, कारण त्यातून त्या क्षणी कुणाचं मन बदलत नाही. शेवटच्या अर्ध्या पानात मात्र दादा कागद पुढे करतो आणि ताई सही करायला नकार देते. या नकाराची ताईला स्वतःलाही आधी कल्पना नसते. तो निवेदनात सांगितला असता तर प्रेक्षकाला फक्त बातमी कळली असती. ते अर्धं पान आम्ही जसंच्या तसं शूट करायचं ठरवलं. दोन सेटअप, सव्वा तास.

[घंगाळाच्या काठावर कोरलेलं नाव. त्यावरून फिरणारा अंगठा.]

उरलेल्या पावणेदोन तासांत नऊ म्यूट शॉट घेतले. आवाज घ्यायचा नसला की बूम नको, ओळी पाठ नकोत. एखादा शॉट दहा मिनिटांतही होतो. पण सुटे सुंदर शॉट जमवायला लागलं की त्याचं कॅलेंडर होतं. म्हणून नऊपैकी चार शॉट एकाच जागेवरून घेतले. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का केला, जमिनीवर टेपच्या खुणा केल्या. आधी रिकामी पडवी, मग माळ्यावरून उतरवलेले पाट, मग तीन छोटे ढीग, मग तीन मोठे. मधे ताईच्या खांद्यावर शाल आली, दादाचा सदरा बदलला. लाइट एकदाही हलवला नाही आणि पडद्यावर दोन दिवस सरले. बाकीचे पाच शॉट हातांचे आणि पाठमोऱ्या माणसांचे.

यात एक चूक झाली आणि ती मॉनिटरवर लगेच दिसली. दादा आणि धाकटा घंगाळावरून काहीतरी बोलत होते. आवाज नसताना ओठ हलले की प्रेक्षक निवेदन सोडून ओठ वाचायला लागतो. तो शॉट खिडकीच्या बाहेरून, गजांमधून पुन्हा घेतला. आता दोघं भांडतायत हे कळतं, पण ओठ दिसत नाहीत.

[अंधार. फक्त आवाज: फरशीवर ठेवलेलं पितळी भांडं.]

साडेपाचला उजेड गेला. आवाजाला उजेड लागत नाही, म्हणून पुढची पंधरा मिनिटं आम्ही अंधुक पडवीत आवाज गोळा केले. पाट सरकताना, भांड्यावर भांडं ठेवताना, कौलांवरून ठिबकणारं पाणी, आणि सगळ्यांनी गप्प उभं राहून घेतलेला त्या घराचा एक मिनिट. हे नसतं तर पुढे सगळीकडे संगीत पसरून टाकावं लागलं असतं.

निवेदन लिहिलं एडिटच्या आधी. पहिल्या खर्ड्यात ताई म्हणत होती, "दादाने भांडी वाटली, मी पाट उचलले." हे तर डोळ्यांना दिसतच होतं. मग कॅमेऱ्याला दिसू शकत नाही तेवढंच ठेवलं:

"आईच्या शेवटच्या वर्षात दादा तीनदा आला. मी मोजलं होतं. धाकटा दर महिन्याला पैसे पाठवायचा, पावत्या जपून ठेवायचा. मी इथेच होते. त्याची पावती कुणी फाडली नाही."

भांड्यांचा यात उल्लेख नाही. पण 'पावती' शब्दानंतर चार सेकंद काहीच न बोलता फक्त भांडं ठेवल्याचा आवाज येतो, आणि वाटणी कशाची चाललीय ते कळतं. एकूण शब्द शंभरेक, वाचायला पन्नास-पंचावन्न सेकंद. मधल्या शांततेसह पडद्यावर दीड मिनिट. हे गणित मोबाइलवर कच्चं वाचन रेकॉर्ड करून आधीच करावं, नाहीतर चित्रं कमी पडतात आणि तोच शॉट ताणत बसावं लागतं.

पक्कं रेकॉर्डिंग स्टुडिओत केलं आणि ते फसलं. आवाज स्वच्छ होता, पण जाहिरातीसारखा. दुसऱ्यांदा अभिनेत्रीच्याच घरी, गाद्या आणि गोधड्या लावलेल्या खोलीत, माइक तोंडापासून वीतभर ठेवून केलं. समोर तिची मैत्रीण बसली होती. ती मैत्रिणीशी बोलली, तेव्हा ताई सापडली.

तरी कच्चा कट पाहणारे अडखळले. नवव्या मिनिटाला अचानक कुणीतरी बोलायला लागतं, हे त्यांना ठिगळासारखं वाटलं. म्हणून ताईची दोन वाक्यं सुरुवातीच्या एसटीच्या प्रवासावर नेली. तिचा आवाज पहिल्या मिनिटापासून ओळखीचा झाला आणि नवव्या मिनिटाला तो परत आला तेव्हा कुणी दचकलं नाही.

एक गोष्ट मात्र गेली ती गेलीच. मूळ सीनमध्ये धाकट्याची बाजू होती आणि ती खरी होती. निवेदन एकाचंच असतं, त्यामुळे न्याय ताईच्या बाजूने झुकला. धाकट्याकडे उरली फक्त एक नजर, पावत्यांच्या डब्याकडे टाकलेली. ती त्या अभिनेत्याने फार जपून दिली. त्याचे सगळे संवाद जात होते, आणि हे त्याला शॉटच्या आधी बाजूला घेऊन सांगणं माझं काम होतं.

[तीन मोठे ढीग. ताईचं निवेदन सुरू.]

आता जोड. निवेदन पूर्ण संपवून मग संवाद सुरू केला तर मधे खड्डा पडतो. म्हणून ढिगांच्या शेवटच्या शॉटवर ताई अजून बोलतेय, वाक्य अर्ध्यावर आहे, आणि त्याच चित्रावर दादाचा आवाज येतो.

"ताई, सही."

[ताईचा चेहरा. निवेदन थांबतं.]