नागीण गेली, आग राहिली

नमस्कार श्रोतेहो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं आपल्याकडे अजून बोललं जातं. तसं काही होत नाही. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात उठते. खरा त्रास निराळाच आहे. फोड सुकतात, खपल्या पडतात, पण काहींच्या त्या जागेची आग तीन-तीन महिने, कधी वर्षभर जात नाही. साठी ओलांडलेल्यांना हे जास्त भोगावं लागतं. आज बोलायचंय ते या आगीवरच्या गोळ्यांबद्दल.

माझ्याकडे एक काका यायचे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नागीण उठली ती डाव्या छातीवर, बरोबर तिकिटांच्या बॅगेचा पट्टा यायचा त्या रेषेत. फोड जाऊन चार महिने झाले होते, तरी अंगाला सदरा लागला की काका कळवळायचे. जोरात दाबलं तर एक वेळ चालायचं, पण कापडाचा नुसता स्पर्श सोसायचा नाही. घरात उघडेच बसायचे आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत जायचे. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं तर म्हणाले, "आठ, आणि रात्री मोजायला मी शुद्धीवर नसतो."

तोवर त्यांनी दुखण्याच्या साध्या गोळ्या भरपूर खाल्ल्या होत्या. पित्त खवळलं, आग तशीच. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनंही झाली होती. (शरीरात बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर ती जरूर घ्यावीत. पण नस म्हटलं की टोच बी-ट्वेल्व्ह, ही आपल्याकडची फॅशन मला मुळीच पटत नाही.)

मी त्यांचा ईसीजी पाहिला, काचबिंदू आहे का ते विचारलं आणि अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं. दहा मिलिग्रॅम, झोपण्याच्या दोन तास आधी. चौथ्या दिवशी काका हजर. गोळ्यांची पट्टी टेबलावर आपटली. जावयाने मोबाइलवर पाहिलं होतं: डिप्रेशनचं औषध. "डॉक्टर, माझी छाती जळतीय आणि तुम्ही मला वेड्यात काढताय?" त्यात तोंड कोरडं पडलं होतं आणि गुण काहीच नव्हता.

मी म्हटलं, काका, डिप्रेशनसाठी या औषधाचा डोस याच्या कितीतरी पट असतो. आणि गुण तीन दिवसांत येत नाही, आठवडे लागतात. काकूंनी शब्द टाकला म्हणून ते राजी झाले. दर आठवड्याला दहा-दहाने वाढवत तीसपर्यंत गेलो. झोप लागायला लागली, आग आठावरून सहावर आली. पण लघवी अडायला लागली. प्रोस्टेटचा त्रास थोडा आधीपासून होताच, तो या गोळीने वाढला. म्हणून पुन्हा दहावर आणलं आणि जोडीला गॅबापेंटिन दिलं. किडनीची तपासणी केली, मग रात्री शंभर, हळूहळू तीनशे, पुढे दिवसातून तीन वेळा तीनशे.

यावेळी पुतणी नर्सिंग शिकत होती. तिने सांगितलं, ही तर फिट्सची गोळी! काका आले ते दारातूनच ओरडत. "आधी वेडा ठरवलंत, आता फेफरं! पुढच्या खेपेला काय, महारोग?" बाहेर बसलेले पेशंट हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि घरात कुणाला आकडी येते का, अशी चौकशी मुलाकडच्यांनी शेजारी केली होती. औषधाच्या दुकानातून बातमी फुटली होती. फिट येणं हा मेंदूचा आजार आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे, आणि त्यावरून सोयरीक मोडणाऱ्यांच्या घरी मुलगी न दिलेलीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत माझं, मुलगी त्यांची. तेव्हापासून मी चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ठळक लिहितो: नसेच्या दुखण्यासाठी.

लग्न झालं. काका सुती सदरा घालून मांडवात उभे होते. आग चारवर आली होती. शून्यावर नाही, चारवर. हे पुन्हा सांगतो, कारण इथेच लोक निराश होतात. या औषधांनी दुखणं निम्म्यावर आलं तर आम्ही ते यश मानतो. काहींना तेवढाही गुण येत नाही, मग औषध बदलावं लागतं.

आता फिट्सची गोळी नसेवर का चालते, ते थोडक्यात. साध्या वेदनाशामक गोळ्या सुजेवर काम करतात. काकांच्या छातीवर सूज उरलीच नव्हती. दुखावलेली नस आपणहून संदेश पाठवत होती, दारात कोणी नसताना बेल वाजावी तशी. फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशीही अशाच अनावर होऊन एकदम संदेश सोडतात. तो अनावरपणा आवरणारं औषध नसेलाही आवरू शकतं. 1962 साली स्वीडनमधल्या ब्लोम नावाच्या डॉक्टरांनी फिट्सवरचं कार्बामाझेपिन चेहऱ्याच्या नसेच्या कळांवर वापरून पाहिलं. त्या कळांवर आजही पहिलं औषध तेच. गॅबापेंटिन अमेरिकेत 1993 मध्ये फिट्ससाठी आलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत नस आपला निरोप पुढच्या पेशीला देते. त्यासाठी कॅल्शियम आत यावं लागतं. गॅबापेंटिन त्या कॅल्शियमच्या वाटेला चिकटतं आणि निरोप क्षीण होतो.

अमिट्रिप्टिलिनची तऱ्हा वेगळी. मेंदूकडून मज्जारज्जूकडे खाली एक वाट येते, वेदनेचा आवाज कमी करणारी. त्या वाटेवर नॉरअॅड्रेनालिन नावाचं रसायन काम करतं. ही गोळी ते रसायन जास्त वेळ टिकवते. मन प्रसन्न झालं म्हणून दुखणं विसरलं, असा प्रकार नाही. मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्यांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. मन अगदी ठीक असलेल्यांनाही या गोळीने आराम पडला होता.

म्हणजे ही गोळी वेडाची म्हणून दिलेली नाही, फेफऱ्याची म्हणूनही दिलेली नाही. नसेसाठी दिलेली आहे. आणि गोळी दुखेल तेव्हा घ्यायची नाही, रोज घ्यायची. दुखो न दुखो, रोज.

सुरुवातीला गुंगी येते. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग उभे राहा. म्हातारी माणसं इथेच पडतात आणि खुबा मोडून घेतात. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर गॅबापेंटिन घेऊ नका, श्वास मंदावतो. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. पित्तावरचं ते पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध घेत असाल, तर त्यानंतर दोन तास सोडून गॅबापेंटिन घ्या, नाहीतर ते पुरतं शोषलं जात नाही. दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्या. ही पट्ट्या कापायची सवय कधी जाणार, देव जाणे.

आणि बरं वाटलं म्हणून एकदम थांबवू नका. काकांचं गॅबापेंटिन आम्ही पुढे आठवड्याला एकेक कॅप्सूल कमी करत बंद केलं. अमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी ते रात्री अजून घेतात, आणि जावयाला विचारत नाहीत. नमस्कार.