तात्यांचा हात आणि पेसमेकर

नमस्कार श्रोतेहो. मी मिरजेत पेसमेकर तपासायचं काम करतो, म्हणजे पेशंटच्या छातीवर प्रोग्रामर नावाच्या तपासणी मशिनची वँड ठेवायची, बॅटरी किती राहिली, वायर नीट आहे का ते बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. आज तुम्हाला एका तात्यांची गोष्ट सांगतो, तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय 67. पेसमेकर बसल्यावर माणसं कशाला भितात आणि काय विसरतात, ते त्यांच्या गोष्टीत सगळं येतं.

ऑक्टोबर छाटणी सुरू होती. तात्या हातात कात्री घेऊन ओळीत उभे आणि उभ्याउभ्याच डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसले, दोन मिनिटांनी परत ठीक. असं महिनाभरात तीनदा झालं होतं, चढ चढताना दम लागत होता, पण घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, अशक्तपणा आलाय. गावात दोनदा सलाईन लावून झालं. नाडी मात्र कुणी मोजली नाही. तिसऱ्या वेळेला पडले तेव्हा कपाळ फुटलं, टाके घालायला नेलं आणि तिथल्या सिस्टरनं मनगट धरलं तर नाडी 36. पूर्ण मिनिट मोजून 36.

इसीजी काढला तर कम्प्लीट हार्ट ब्लॉक. आता हा ब्लॉक ऐकला की माणसं म्हणतात, स्टेंट टाका. पण हा रक्तनळीतला ब्लॉक नाही, हा वायरिंगमधला ब्लॉक आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात एक ठिकाण असतं तिथनं ठोक्याचा हुकूम निघतो, तो मधल्या एका गाठीतनं खालच्या कप्प्यांकडं जातो, आणि खालचे कप्पे आकसले की रक्त अंगभर जातं. तात्यांचं वरचं ठिकाण मिनिटाला 80 हुकूम देत होतं, पण एकही खाली पोचत नव्हता. खालचे कप्पे आपल्या मनानं, संथ, 36 वर चालले होते. वयानं ही वायरिंग झिजते, बऱ्याच वेळा दुसरं काही कारण सापडत नाही.

पण लगेच पेसमेकर बसवायचा नसतो हं. आधी गोळ्या बघायच्या, कारण बीपीच्या, धडधडीच्या काही गोळ्या नाडी कमी करतात, मग रक्तातलं पोटॅशियम आणि थायरॉइड बघायचं. हे सुधारण्यासारखं असेल तर ते सुधारून नाडी परत येऊ शकते. तात्यांचं यातलं काहीच नव्हतं. म्हणून तात्पुरती वायर जांघेतनं टाकून नाडी सावरली आणि दुसऱ्या दिवशी कायमचा पेसमेकर.

ऑपरेशन म्हटलं की छाती उघडणार असं काकींना वाटत होतं, त्या रडायलाच लागल्या. खरं तर छाती उघडत नाहीत. गळ्याखालच्या डाव्या आडव्या हाडाच्या खाली भूल द्यायची, माणूस बहुतेक जागाच असतो, दोनेक इंचाची चीर, तिथल्या शिरेतनं एक्सरे बघत बघत वायर हृदयापर्यंत सरकवायची. या वायरला आम्ही लीड म्हणतो. तात्यांना दोन लीड लागल्या, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. टोकाला बारीक स्क्रू असतो, तो हृदयाच्या आतल्या भिंतीत फिरवून बसवायचा. मग मी मशिनवर बघतो की किती कमी व्होल्टमध्ये हृदय आकसतं. तात्यांचं 0.6 व्होल्टला आकसलं, छान जागा मिळाली. पण सुरुवातीच्या आठवड्यांत टोकाभोवती सूज येते आणि जास्त व्होल्ट लागू शकतो, म्हणून सेटिंग 3.5 ला ठेवली, आणि तीन महिन्यांनी जागा पक्की झाली की कमी करायची म्हणजे बॅटरी वाचते. शेवटी लीड पेसमेकरच्या डबीला जोडून डबी कातडीखाली केलेल्या खिशात ठेवली आणि टाके घातले. डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चपटी, वजन 20 ते 30 ग्रॅम.

ही डबी काय करते? बघत बसते आणि वाट बघते. तात्यांच्या वरच्या कप्प्याचा ठोका झाला की ती सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा थांबते, तेवढ्यात खालचा कप्पा आपण होऊन आकसला तर गप्प बसते, नाही आकसला तर खालच्या लीडमधनं विजेचा एक बारीक टोला देते, जाणवतही नाही. म्हणून तात्या चालायला लागले की वरचं ठिकाण 95 करतं आणि डबी त्याच्या मागोमाग खालचं पण 95 करते. 60 ही त्यांची खालची मर्यादा, त्याखाली जाऊ द्यायचं नाही एवढंच. खूप लोकांना वाटतं नाडी आता कायम 60 वरच दिसायला हवी, मग 78 दिसली की फोन येतो मशीन बिघडलं म्हणून. तसं नाही. आणि दुसरं, बीपीची गोळी, शुगरची गोळी चालूच ठेवायची, पेसमेकर हार्ट अटॅक थांबवत नाही, तो फक्त ठोका चुकू देत नाही.

पहिला कातडीखाली बसवलेला पेसमेकर स्वीडनमध्ये 1958 साली. पेशंटचं नाव आर्ने लार्सन, ते पहिलं यंत्र काही तासच चाललं, पण पुढं एकामागून एक वीसच्या वर यंत्रं बदलत ते 2001 पर्यंत जगले, 86 वर्षांचे होऊन. आज एक डबी साधारण 8 ते 12 वर्षं चालते. बॅटरी संपत आली की चेकिंगमध्ये काही महिने आधी कळतं, मग लीड चांगल्या असतील तर त्याच ठेवून फक्त डबी बदलायची.

आता मुद्द्यावर येतो. तात्या घरी गेले. आणि घरात काय झालं, काकींनी मिक्सर बंद केला. टीव्हीच्या खोलीत तात्यांना येऊ देत नव्हत्या. मोठ्या दादानं तात्यांचा मोबाईल काढूनच घेतला. सगळे मायेपोटी, त्यात काही वाईट नाही. पण टीव्ही, फ्रिज, मिक्सर, घरातला नेहमीचा मायक्रोवेव्ह यानं काही होत नाही, फक्त मिक्सर छातीला टेकवून धरू नका. मोबाईलही चालतो, डबीपासून 6 इंच लांब ठेवायचा, डाव्या वरच्या खिशात ठेवायचा नाही आणि उजव्या कानाला लावायचा. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र 2 फूट लांब राहायचं.

हे सगळं कडक पाळलं आणि छाटणीनंतर बागेत फेलफूट काढायचं काम आलं. फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे, ते वेळेत काढावेच लागतात आणि मजूर मिळत नव्हते. तात्या म्हणाले नुसतं चार ओळी बघतो. मांडवाखाली उभं राहून दोन्ही हात डोक्याच्या वर, तासभर. ऑपरेशनला झाले होते 18 दिवस. संध्याकाळी परत अंधारी, नाडी 38. दादानं या वेळी पूर्ण मिनिट मोजली म्हणून लगेच घेऊन आला. मी वँड ठेवली, डबी टोले देत होती, पण हृदय आकसत नव्हतं. एक्सरेत खालच्या लीडचं टोक भिंतीवरून सुटून सरकलेलं दिसलं. परत कॅथलॅब, परत चीर, लीड नव्यानं बसवली. खर्च झाला, त्याहून वाईट म्हणजे तोच खिसा दुसऱ्यांदा उघडला की इन्फेक्शनचा धोका वाढतो.

म्हणून पहिले 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड बादली उचलायची नाही, मोटरसायकलची किक मारताना हँडलला जोर द्यायचा नाही. पण हात गळ्यात बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो आणि त्याचा त्रास महिनोन्महिने पुरतो. कोपर, मनगट हलवा, जेवा, बटणं लावा. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली की शेतातली बहुतेक कामं सुरू करता येतात. पाठीवरचा औषध फवारणीचा पंप मात्र जपून, त्याचा पट्टा बरोबर डबीवर येतो आणि रोज घासून घासून कातडी पातळ होते, कधी कधी डबी बाहेर डोकावते. पट्टा उजव्या खांद्यावर घ्या, नाहीतर पॉवर पंप वापरा.

जखमेकडं बघा. लाल होणं, गरम होणं, पाणी येणं, ताप. यातलं एक जरी दिसलं तरी मलम लावत बसू नका आणि कुणालाही सुईनं पाणी काढू देऊ नका. कुणी म्हणेल गाठ झालीय, सुई मारू. मारलेल्या सुईबरोबर जंतू आत जातात, आणि एकदा डबीला इन्फेक्शन झालं की सगळं, लीडसकट, काढावं लागतं. फोन करून जिथं बसवला तिथंच जा. सारखी उचकी लागली किंवा पोटाच्या वरच्या भागात टिकटिक उडायला लागलं तरी या, लीड सरकल्याचं ते लक्षण असू शकतं.

लोहचुंबक आणि वेल्डिंग यांचंही सांगतो कारण आपल्या भागात दोन्ही आहे. चुंबक डबीजवळ आणला की ती बघणं सोडते आणि ठरलेल्या दरानं डोळे झाकून टोले द्यायला लागते, लांब केला की परत नेहमीसारखी. तेव्हा चुंबकाच्या गाद्या, चुंबकाचे पट्टे घेऊ नका आणि मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहू नका, मोठ्या स्पीकरमध्ये मोठा चुंबक असतो. वेल्डिंग दुसऱ्याकडून करून घ्या, आणि ट्रॅक्टरचं इंजिन चालू असताना बॉनेट उघडून वाकू नका. वन्य प्राण्यांसाठी झटका मशीनचं कुंपण घातलं असेल तर त्यापासून लांबच. मोटरच्या स्टार्टरचं अर्थिंग एकदा बघून घ्या, ते तर सगळ्यांनीच बघावं.

गुडघेदुखीला शेक घ्यायला गेलात तर फिजिओथेरपीवाल्यांना आधी सांगा, काही विजेचे शेक चालत नाहीत. एमआरआय, कुठलंही ऑपरेशन, तिथंही सांगायचं, आताचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात पण डबी आणि लीड दोन्ही चालणाऱ्या हव्यात आणि आधी सेटिंग बदलावं लागतं. त्यासाठी पेसमेकरचं कार्ड खिशात हवं. तात्यांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून आधारकार्डाच्या मागं ठेवलंय, मोबाईलवर फोटोही आहे.

एक अवघड गोष्ट, घरच्यांनी ऐकून ठेवावी. पेसमेकर असलेला माणूस गेला तर अग्नी द्यायच्या आधी डबी काढून घ्यावी लागते, आगीत बॅटरीचा स्फोट होतो. हॉस्पिटलला सांगितलं की ते काढून देतात.

तात्या तीन महिन्यांनी तपासणीला आले. 0.8 व्होल्टला हृदय आकसत होतं, सेटिंग 2 वर आणली, स्क्रीनवर बॅटरी 9 वर्षं दाखवत होती. निघताना खिशातनं एक वही काढली, रोज सकाळी उठायच्या आधी पूर्ण 60 सेकंद नाडी मोजून लिहिलेली, 64, 62, 66. एका दिवशी 48 होती. मी विचारलं हे काय, तर म्हणाले बीपीच्या मशिनवर घेतली. मनगटावर परत मोजली तर 63. मधे एखादा जादा ठोका पडला की तो हलका असतो, मशिनला सापडत नाही आणि आकडा कमी दिसतो. तशी कमी दिसली तर मनगटावर बोट ठेवून परत पूर्ण मिनिट मोजायची, दोनदा 60 च्या बरीच खाली आली किंवा सोबत चक्कर असेल तर वही घेऊन निघायचं.